समुद्राजवळच्या घरात नळाचं क्रोम का सुटतं, आणि कोणता नळ जास्त टिकतो

समुद्राजवळच्या घरातलं एक बाथरूम डोळ्यासमोर आणा. बेसिनचा मिक्सर, त्याच्याखाली भिंतीतून निघालेला अँगल कॉक आणि शॉवरपाशी लटकणारा हँड शॉवर, तिन्ही एकाच वेळी बसवलेले, तिन्ही चकाचक क्रोमचे. काही वर्षांनी बघितलं तर मिक्सरच्या दांडीवर बारीक फोड आलेत आणि नखाने खरवडलं की आतून पांढरी भुकटी निघते, अँगल कॉकवर हिरवे ठिपके पडलेत पण क्रोम जागच्या जागी आहे, आणि हँड शॉवरची तर सालच निघायला लागलीय, चकचकीत पातळ पत्र्यासारखी, आणि तिच्याखाली गंज बिंज काही नाही, नुसतं करडं प्लास्टिक. घरात सगळे एकच बोलतात की प्लेटिंग हलकं निघालं. ते अर्धंच खरं आहे, कारण ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकात खरा घोळ क्रोमच्या खाली झालेला असतो.

आधी हे नक्की करू की आपण ज्याला क्रोमचा नळ म्हणतो त्यात क्रोम असतं तरी किती. नळाचा सांगाडा पितळेचा, जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा प्लास्टिकचा. त्यावर निकेलचा थर, चांगल्या कामात दहा मायक्रॉनच्या आसपास किंवा जास्त, आणि त्याच्यावर क्रोमचा थर फक्त पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला तर क्रोम त्याच्या साधारण दीडशे ते तीनशेव्या हिश्श्याएवढं पातळ. एवढं पातळ क्रोम सलग नसतंच, त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. क्रोमचं काम निळसर चकाकी देणं आणि ओरखडे अडवणं, पाणी आणि मीठ अडवायचं काम निकेलचं. म्हणजे दुकानात ज्या थराकडे बघून आपण नळ घेतो तो थर राखण करतच नाही.

आता खाऱ्या हवेचं. लाटा फुटतात तेव्हा उडालेले मिठाचे अतिसूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर आत येतात आणि सगळ्यावर बसतात. खिडकीच्या ग्रिलवरचं मीठ निदान पावसात धुतलं तरी जातं, बाथरूममधल्या नळावर पाऊस पडत नाही, त्यामुळे नळाच्या मागच्या बाजूला, दांडीच्या खाली, भिंतीला टेकणाऱ्या चकतीच्या कडेला मीठ साठत जातं. शिवाय समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं खायचं मीठ नव्हे. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. किनाऱ्यावर हवा एवढी कोरडी होणं दुर्मिळच, त्यामुळे हाताला कोरडा लागणारा नळसुद्धा बारीक खारट ओलाव्याखाली असतो, रात्रंदिवस. त्यात गरम पाण्याची अंघोळ झाली की वाफ बसते, मीठ विरघळून छिद्रांत उतरतं, मग पाणी उडून जातं आणि मीठ आणखी घट्ट होऊन तिथेच बसतं, दुसऱ्या दिवशी परत तेच.

त्या छिद्रात पुढे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरूनच कळतं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असतील आणि मधे खारट पाणी असेल तर एक छोटी बॅटरी तयार होते, त्यात एक धातू झिजतो आणि दुसरा शाबूत राहतो. क्रोमवर आपोआप ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा तयार होत असल्याने ते शाबूत राहणाऱ्या बाजूला जातं आणि झिजायची पाळी निकेलवर येते. इथे वाईट म्हणजे क्रोमचं क्षेत्रफळ मोठं, पूर्ण नळभर, आणि उघडं निकेल फक्त त्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात. सगळा जोर त्या एका टोकावर येतो आणि निकेलला खोल खड्डा पडतो. म्हणून वरून चकाकणाऱ्या नळावर टोचल्यासारखे ठिपके दिसतात. खड्डा निकेलच्या तळाशी पोचला की मग खालचा धातू सापडतो, आणि तो कोणता आहे यावर पुढची गोष्ट ठरते.

खाली पितळ असेल तर नळ बराच काळ तग धरतो. पितळेत तांबं आणि जस्त असतं, ते निकेलच्या मानाने थोडंच कमी टिकाऊ, त्यामुळे झीज सावकाश होते आणि तिची खूण म्हणजे हिरवा कळंक. वर सांगितलेल्या अँगल कॉकचं हेच झालंय, दिसायला खराब पण आतून मजबूत, आणि असा कॉक केवळ डागांसाठी बदलायची गरज नसते.

खाली जस्ताचं डाय-कास्ट असेल तर मात्र गणित बिघडतं. साच्यात दाबाने ओतून दांड्या, नॉब आणि चकत्या झटपट बनवता येतात म्हणून हे मिश्रण कंपन्यांना परवडतं, आणि बरेचदा नळाचं अंग पितळेचं पण दांडी जस्ताची असा प्रकार असतो, डब्यावर मात्र पितळेचा नळ. निकेलच्या शेजारी जस्त फार लवकर झिजतं. आणि ते झिजून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, तिला बाहेर जायला वाट नसते म्हणून ती वरचं प्लेटिंग आतून उचलते. मिक्सरच्या दांडीवरचे फोड ते हेच. लोक फोडाला हवा अडकलीय असं समजतात, खरं तर आत धातूची राख झालेली असते. एकदा फोड आले की पॉलिश, वॅक्स, काहीही लावून उपयोग नाही, दांडी सुटी मिळत असेल तर पितळेची बघून बदला.

प्लास्टिकचा प्रकार आणखी वेगळा. हँड शॉवर जवळजवळ सगळे एबीएस प्लास्टिकचे असतात, त्यावर आधी रसायनाने पृष्ठभाग खडबडीत करून मग तांबं, निकेल, क्रोम चढवतात. प्लास्टिक स्वतः गंजत नाही, पण गरम पाण्याने ते निकेलच्या पाच-सहा पट जास्त फुगतं, थंड झालं की आकसतं. रोजच्या या ताणाने धातूच्या सालीला कडेला बारीक तडा जातो, तिथून खारं पाणी शिरतं आणि मधला तांब्याचा थर खायला लागतं, मग साल सुटते. या सालीच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, लहान मुलं असतील तर साल निघायला लागल्यावर हँड शॉवर वापरू नका, थेट बदला. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावर क्रोमवाला प्लास्टिकचा शॉवर घ्यायचाच कशाला, मुलामा नसलेला, अंगचाच पांढरा किंवा करडा घ्या, सुटायला काही नसतंच त्याला. भपका कमी, डोक्याला ताप पण कमी.

आता प्रश्न येतो की पोपडे नेहमी ठरावीक जागीच का सुरू होतात. तोटीच्या खालच्या बाजूला, दांडी अंगाला मिळते त्या कोपऱ्यात, टोकाच्या जाळीच्या रिंगला. एक कारण वर आलंच, तिथे मीठ साठतं आणि फडकं पोचत नाही. दुसरं कारण कारखान्यातलं. प्लेटिंग विजेच्या प्रवाहाने चढतं आणि प्रवाह उंच टोकांकडे, बाहेरच्या वळणांकडे जास्त धावतो, खाचेत कमी. त्यामुळे एकाच नळावर समोरच्या फुगीर भागात निकेल पंधरा मायक्रॉन असलं तर आतल्या कोपऱ्यात त्याच्या निम्मंसुद्धा नसेल. म्हणजे जिथे मीठ जास्त तिथेच कवच पातळ. म्हणून खूप खाचाखोचा, नक्षी, कंगोरे असलेल्या नळापेक्षा साधा गोल गुळगुळीत नळ खाऱ्या हवेत जास्त टिकतो, आणि ही गोष्ट डोळ्यांनी बघून निवडता येते, कुणाला विचारायला लागत नाही.

चांगल्या कंपन्या निकेलमधेच एक युक्ती करतात. निकेलचे दोन थर देतात, खाली गंधक नसलेलं अर्धचकाकी निकेल आणि वर गंधक असलेलं चकाकी निकेल. वरचं खालच्यापेक्षा लवकर झिजणारं असतं, त्यामुळे खड्डा खालच्या थरापाशी आला की खोल जायच्याऐवजी आडवा पसरतो, वरचा थर बळी जातो पण धातू वाचतो. या दुहेरी निकेलवर मुद्दाम लाखो सूक्ष्म छिद्रं असलेलं क्रोम देतात. ऐकायला उलटं वाटतं ना, छिद्रं वाढवायची? पण छिद्रं जास्त झाली की तो झिजवणारा जोर एका टोकावर न येता सगळीकडे वाटला जातो आणि एकही खड्डा खोल होत नाही. मोटारींच्या बाहेरच्या क्रोमवर हे तंत्र खूप वर्षं वापरात आहे.

हे सगळं दुकानात ओळखायचं कसं? बघून नाही ओळखता येत. कॅटलॉगमधे मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे तास शोधा. आयएसओ ९२२७ नावाच्या चाचणीत बंद पेटीत ३५ अंश सेल्सियसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा सतत मारतात आणि किती तासांनी डाग पडला ते बघतात. युरोपच्या नळांच्या मानकात, ईएन २४८ मधे, २०० तासांची अपेक्षा असते. इथे दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, फवारा साधा होता की अ‍ॅसिडवाला ते विचारा, कारण अ‍ॅसिडवाली चाचणी कितीतरी कडक असते आणि दोन्हींच्या तासांची तुलना होत नाही. दुसरं, तासांचं वर्षांत रूपांतर करून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पेटीत सतत ओलं असतं आणि आपल्याकडे ओलं-सुकं-ओलं चालतं, दोन्हींचा मार वेगळा. आकडा फक्त एका नळाची दुसऱ्याशी तुलना करायला वापरा.

सध्या सोनेरी, काळे, तांबूस नळ जोरात आहेत आणि त्यातच लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण एकच काळा रंग दोन-तीन पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने येतो. एक म्हणजे पावडर कोटिंग किंवा रंग. हा जाड असतो, पन्नास-साठ मायक्रॉन किंवा वर, नवीन असताना उत्तम अडवतो, पण एक ओरखडा पडला, पान्याचा दात लागला, की मीठ रंगाच्या खाली सरकत जातं आणि रंग पापडी होऊन निघतो. प्लंबरने फडकं न गुंडाळता पाना लावला तर तो नळ बसवल्या दिवसापासून आजारी. दुसरी पद्धत पीव्हीडी. यात नळ निर्वात पेटीत ठेवून झिर्कोनियम किंवा टायटेनियमची वाफ नायट्रोजनबरोबर त्यावर बसवतात आणि झिर्कोनियम नायट्राइडसारखा अतिशय कडक थर तयार होतो, क्रोमपेक्षा दुपटीहून कडक. घासून जात नाही, उन्हाने फिका पडत नाही, पोपडा असा निघत नाही. पण जाडी पुन्हा एक मायक्रॉनच्या आतबाहेरच, आणि त्यातही बारीक छिद्रं असतातच. म्हणजे पीव्हीडी ओरखडे अडवतं, मीठ नाही. मीठ अडवायला खालचं निकेल-क्रोम किंवा खालचा स्टीलच लागतो. पितळ, त्यावर भरपूर निकेल, त्यावर क्रोम आणि मग पीव्हीडी असा नळ फार छान टिकतो, पण जस्ताच्या दांडीवर पीव्हीडी मारलेलं असेल तर तेच फोड येतात, फक्त सोनेरी रंगात. म्हणून नुसतं पीव्हीडी आहे का विचारून भागत नाही, कशावर आहे ते विचारा, आणि अंगाचं वेगळं, दांडीचं वेगळं विचारा.

या सगळ्या कटकटीतून सुटायचं असेल तर मुलामाच नसलेला धातू. त्यात स्टेनलेस स्टील पहिलं, पण ग्रेड बघून. ३०४ मधे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, स्टीलची चांगली भांडी सहसा याच जातीची. ३१६ मधे त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडपुढे ते बरंच जास्त टिकतं. किनाऱ्याजवळ ३०४ वर तपकिरी चहासारखे डाग पडतात, ते बहुतेक वेळा वरवरचे असतात आणि पुसून निघतात, धातूला भोक पडत नाही, तरी बघायला वाईटच. ३१६ वरही डाग पडूच शकत नाही असं नाही, तिथे फिनिशचा हात असतो. खरखरीत ब्रश केलेल्या पृष्ठभागाच्या रेघांत मीठ अडकतं, तेच गुळगुळीत पॉलिशवर टिकत नाही. ब्रशवालाच आवडत असेल तर रेघा बारीक आणि पाणी निथळेल अशा दिशेच्या बघा. आणि स्टीलवर लोखंडी तारेचा चोथा कधीच घासू नका, त्यातले लोखंडाचे कण स्टीलमधे रुततात आणि मग तेच गंजतात, लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं.

लोहचुंबकाचा उपाय सगळे सांगतात. तो अर्धवट कामाचा आहे. जोरात चिकटला तर साधं लोखंड किंवा हलक्या जातीचं स्टील समजून नळ ठेवून द्या. पण चिकटला नाही म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण पितळ, जस्त, ३०४, ३१६ कशालाच तो धड चिकटत नाही. ३०४ आणि ३१६ मधला फरक मॉलिब्डेनम दाखवणाऱ्या थेंबाच्या किटने कळतो, नाहीतर कंपनीने लेखी दिलेल्या ग्रेडवर जायचं.

दुसरा पर्याय उघडं पितळ, ना प्लेटिंग ना लॅकर. ते काळवंडणार, पाण्याच्या थेंबांचे डाग पडणार, पण पोपडा निघणं शक्यच नाही आणि हवं तेव्हा घासून परत पिवळं करता येतं. ज्यांना डाग चालतात त्यांच्यासाठी मला हा सगळ्यात शहाणा नळ वाटतो. एकच अट, पाण्यात क्लोराइड जास्त असेल, म्हणजे विहिरीत किंवा बोअरमधे खारं पाणी उतरत असेल, तर साध्या पितळेतून जस्त निघून जातं आणि मागे तांबूस, ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. हे आतून चालतं, बाहेरून नळ ठीक दिसतो आणि एक दिवस आटे तुटतात. अशा पाण्याला जस्त न सोडणारं, डीझेडआर म्हणतात ते पितळ घ्या. लॅकर मारलेलं चकचकीत पितळ मात्र किनाऱ्यावर नकोच, लॅकर पिवळं पडून सुटतं आणि ठिगळं ठिगळं दिसतं.

आता एक असं कारण जे खाऱ्या हवेच्या माथी मारलं जातं पण असतं घरातलंच. फरशी धुवायचं अ‍ॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. क्रोम याच अ‍ॅसिडात विरघळतं, आणि थेंब पडायचीही गरज नसते, बंद बाथरूममधे नुसत्या वाफा पुरतात. नवीन घरात टाइल्सवरचं सिमेंट काढायला अ‍ॅसिड मारतात आणि नळ आधीच बसवलेले असतात, तिथेच अर्धं काम तमाम होतं, डाग मात्र काही महिन्यांनी दिसतात तेव्हा दोष समुद्राला. कसं ओळखायचं? मिठाचे ठिपके खाचेत आणि खालच्या बाजूला सुरू होतात, वाफेने खराब झालेला नळ सगळीकडून एकसारखा निस्तेज, पिवळट किंवा ढगाळ दिसतो, आणि बाथरूममधले सगळे नळ एकदमच तसे होतात. म्हणून काम चालू असेल तर नळ सगळ्यात शेवटी बसवा.

पांढरा डाग दिसला म्हणजे लगेच पोपडा समजू नका. तो पाण्यातल्या क्षारांचा असू शकतो. व्हिनेगरमधे तेवढंच पाणी मिसळून बोळ्याने डागावर टेकवा, पाच मिनिटांनी धुवा. गेला तर क्षार होता. तसाच राहिला आणि बोट फिरवल्यावर खड्डा लागला तर झीज सुरू झालीय. उघड्या पितळेवर मात्र व्हिनेगर रेंगाळू देऊ नका.

निगा म्हणाल तर फार काही नाही, पण करायची ती गोष्ट बरोबर करा. नळ ओल्या फडक्याने नुसता पुसला तर मीठ फिरून खाचेतच जातं. आधी गोड्या पाण्याने तोटीखालून, दांडीमागून धुवा आणि मग कोरडं करा, आठवड्यातून एकदोनदा केलं तरी फरक पडतो. अंघोळीनंतर पंखा चालू ठेवून वाफ बाहेर काढा, पण समुद्राच्या वाऱ्याची खिडकी सताड उघडी ठेवून बाथरूम सुकवायला गेलात तर मीठच आत घेताय.

आणि बेसिनखाली एकदा वाकून बघा. तिथे जाळीच्या विणीचे स्टीलचे कनेक्शन पाइप असतात, आणि बहुतेक घरांत ब्लीचची किंवा अ‍ॅसिडची बाटली नेमकी त्यांच्याच शेजारी ठेवलेली असते. बारीक तारांची ती वीण खारी हवा आणि क्लोरीनच्या वाफा एकत्र मिळाल्या की तुटायला लागते, आणि वीण तुटली की आतली रबरी नळी दाबाने फुटते, तीही घरात कुणी नसताना फुटली तर पूर्ण घर भिजतं. नळाचे पोपडे दिसायला वाईट, एवढंच, पण पाइपच्या विणीवर तपकिरी ठिपके किंवा सुटलेली तार दिसली तर पाइप त्याच आठवड्यात बदला आणि बाटली दुसरीकडे हलवा.